लाल डोळ्यात दूध, गुलाबपाणी, पाल्याचा रस: ऊसपट्ट्यातल्या घरांनी काय टाळावं, काय करावं

कोल्हापूर जिल्ह्यात डोळा लाल व्हायला निमित्तं पुष्कळ आहेत. शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागल या भागात पाला काढण्यापासून तोडणीपर्यंत उसाची पानं तोंडावर येत असतात. राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याकडे भाताच्या मळणीत कुसळं उडतात. पावसाळ्यात मधूनच डोळ्यांची साथ येते. २०२३ च्या पावसाळ्यात ती राज्यभर होती. डोळा लाल झाला की घरात तीनपैकी एक गोष्ट ठरलेली असते: ओल्या बाळंतिणीच्या दुधाचे दोन थेंब, कपाटातली गुलाबपाण्याची बाटली, नाहीतर परड्यातला पाला चेचून काढलेला रस.

या लेखाचा भर शेतात पान, काडी किंवा कुसळ लागून लाल झालेल्या डोळ्यावर आहे, कारण घरगुती थेंबाने सगळ्यात वाईट घात तिथंच होतो. साथीचे डोळे आणि तान्ह्या बाळाचे डोळे यांचे नियम वेगळे आहेत. तेही पुढे आले आहेत, पण थोडक्यात.

ओरखडा म्हणजे नेमकं काय

बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो त्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात. मधोमध त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात. म्हणूनच तो काचेसारखा स्वच्छ राहतो, आणि म्हणूनच आत जंतू शिरले तर रक्तातल्या पांढऱ्या पेशींना तिथं पोहोचायला उशीर होतो. या पडद्याच्या वर पाच ते सात पेशींचा एक अगदी पातळ थर असतो. तो शाबूत आहे तोवर बहुतेक जंतू, बुरशी, धूळ अश्रूंबरोबर वाहून जातात. तो फाटला की आतला भाग उघडा पडतो.

उसाच्या पानाची कड दातेरी आणि कडक असते, त्यामुळे जोरात लागलं की हा थर सोलवटतो. माती, पाचट आणि पानांवर फ्युजेरियम, अ‍ॅस्परजिलस अशा बुरशींचे बीजाणू असतातच. त्यातले थोडे त्या फटकाऱ्याबरोबर जखमेत जाऊ शकतात. सुदैवाने बहुतेक वेळा काहीच होत नाही. छोटा ओरखडा एक ते तीन दिवसांत आपोआप भरतो, कारण तो थर फार वेगाने वाढतो.

घरगुती उपायांची ख्याती याच आपोआप भरण्यावर उभी आहे. सोमवारी दूध घातलं आणि बुधवारी डोळा बरा झाला, तर श्रेय दुधाला मिळतं. साथीचे डोळेही बहुतेक वेळा विषाणूमुळे येतात आणि एक ते दोन आठवड्यांत स्वतःहून ओसरतात, तेव्हा तिथंही शेवटी जे घातलं त्याचं नाव होतं. ज्याचा डोळा गेला त्याच्या घरी मात्र ‘पान लई जोरात लागलं हुतं’ एवढंच सांगितलं जातं. थेंबाचा विषय निघतच नाही.

तीन उपाय, तीन वेगळे धोके

आईच्या दुधापासून सुरू करू, कारण त्यावर सगळ्यात जास्त श्रद्धा आहे आणि ती अगदीच निराधार नाही. आईच्या दुधात प्रतिपिंडं, लायसोझाइम, लॅक्टोफेरिन हे जंतूंना अडवणारे घटक खरोखर असतात. पण ते बाळाच्या पोटासाठी आहेत. त्याच १०० मिली दुधात सुमारे ७ ग्रॅम दुग्धशर्करा आणि ४ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो, म्हणजे जंतूंना खाद्य. शिवाय दूध निर्जंतुक नसतं. निरोगी बाईच्या दुधातही त्वचेवरचे जंतू असतात, आणि वाटीत किंवा चमच्यात काढताना हाताचे, भांड्याचे जंतू त्यात मिसळतात. बाळाच्या पोटाला त्यांचा त्रास होत नाही. सोलवटलेल्या कॉर्नियाला होऊ शकतो. बुरशीवर औषध म्हणून तर दुधाचा उपयोग नाहीच.

गुलाबपाण्याची गोष्ट साधी आहे. दुकानात मिळणारं गुलाबपाणी चेहऱ्यासाठी किंवा खाण्यासाठी बनवलेलं असतं. डोळ्यात घालायचं औषध निर्जंतुक असावंच लागतं; या बाटलीला ती अट नाही. त्यात सुवास आणि टिकवण्यासाठीची रसायनं असू शकतात. एकदा उघडलेली बाटली महिनोनमहिने न्हाणीघरात राहते, आणि ओलसर जागी वाढणारा स्यूडोमोनस नावाचा जंतू अशा पाण्यात मजेत जगतो. ओरखड्यात तो गेला तर दोन-तीन दिवसांत कॉर्निया वितळवू शकतो. हे बुरशीपेक्षाही वेगवान प्रकरण आहे. गुलाबपाणी घातल्यावर डोळ्याला जो गारवा वाटतो तो कुठल्याही थंड पाण्याने वाटतो. बंद पापणीवर गार पाण्याची घडी ठेवली तरी तेवढाच आराम मिळतो, आणि आत काही जात नाही. आणखी एक: साथीच्या दिवसांत एकच बाटली घरभर फिरते. तिचं टोक एकाच्या पापणीला लागलं की पुढच्या प्रत्येकाला लागण पोहोचते.

पाल्याच्या रसावर जास्त थांबावं लागेल. शेवगा, तुळस, कोथिंबीर, दगडी पाला, तगर, दुधाणी अशी कितीतरी नावं घेतली जातात. पाला बांधावरून किंवा कुंडीतून येतो. त्यावर माती असते, फवारणीचा अंश असतो, आणि त्याच बुरशीचे बीजाणू असतात ज्यांच्यामुळे शेतातला ओरखडा धोक्याचा ठरतो. पाला पाण्यातून काढला तरी बीजाणू जात नाहीत. मग तो पाट्यावर किंवा तळहातावर चेचतात, पदराच्या किंवा धोतराच्या कोपऱ्यातून पिळतात आणि उघड्या जखमेवर सोडतात. शेतातल्या फटकाऱ्याने जेवढे बीजाणू गेले असतील त्यात ही नवी भर पडते. रसात पानाचे बारीक तंतूही असतात. ते पापणीच्या आत अडकले तर प्रत्येक उघडझापीला ओरखडा पुन्हा खरवडतात.

त्यात चीक असलेल्या झाडांचा धोका निराळाच. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बरेचदा फारसं दुखत नाही, आणि फसगत होते ती इथंच. हा चीक कॉर्नियातून आत उतरतो आणि सगळ्यात मागच्या थरातल्या, पाणी बाहेर फेकणाऱ्या पेशींना इजा करतो. पडद्यात पाणी साठतं आणि काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं. दुखत नाही म्हणून माणूस घरीच बसतो. शनिवारी मारुतीसाठी रुईची पानं खुडताना किंवा माळ ओवताना चीक बोटाला लागतो आणि तेच बोट डोळ्याला जातं, असंही होतं. त्यासाठी मुद्दाम औषध म्हणून घालायला नको. शेराचा, काटेरी निवडुंगाचा चीक याच्या उलट, जबर आग करतो आणि कधी कधी सुरुवातीपेक्षा काही तासांनी जास्त दुखतं. चीक कोणताही असो, लगेच भरपूर पाण्याने २० ते ३० मिनिटं धुणं आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ, एवढंच करायचं असतं.

दहा दिवसांत काय होतं: एक नमुना

समजा, कागल तालुक्यातला एक शेतकरी सोमवारी दुपारी उसाचा पाला काढतो आहे. उजव्या डोळ्यावर पान फटकारतं. पाणी येतं, डोळा उघडवत नाही. तो पाटाच्या पाण्याने डोळा धुतो. (पाटाचं, विहिरीचं पाणी टाळावं, पण डोळ्यात रसायन गेलं असेल आणि दुसरं काही जवळ नसेल तर तेही चालेल.) संध्याकाळी घरी दूध घातलं जातं. मंगळवारी डोळा बराच निवलेला असतो, कारण वरचा थर कडेने भरून येऊ लागला आहे.

बुधवारी थोडी लाली शिल्लक म्हणून शेवग्याचा रस. शुक्रवारी डोळ्यात खुपतं, उन्हात बघवत नाही. दुखणं फार नसतं. बुरशी जंतूंपेक्षा सावकाश वाढते, आणि इजेनंतर बरेच दिवस गेल्यावर लक्षणं ठळक होतात. शनिवारी तो मेडिकलमधून ‘लालीची बाटली’ आणतो. त्यात अँटिबायोटिकबरोबर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे. रविवारी लाली कमी, घरात सगळे खूश. लाली ही शरीराच्या प्रतिकाराची खूण होती. स्टेरॉइडने तो प्रतिकार दाबला आणि बुरशीला रान मोकळं झालं. पुढच्या बुधवारी बुबुळावर करड्या-पांढऱ्या रंगाचा, कडा विस्कटलेला डाग दिसतो आणि त्या डोळ्याने माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. आता हा ओरखडा राहिलेला नाही, कॉर्नियाचा अल्सर झाला आहे.

यात चुकीची वळणं तीन आहेत. सोमवारी संध्याकाळी तपासणी व्हायला हवी होती. बुधवारी रस घालायला नको होता. शनिवारी मेडिकलऐवजी डॉक्टर हवे होते. तिन्हींत सगळ्यात महाग पडलं ते शनिवारचं वळण, पण तिथवर पोहोचायला पहिली दोन कारणीभूत झाली. घरगुती थेंबाचं निम्मं नुकसान तो डोळ्यात काय करतो त्यात असतं, आणि निम्मं तो किती दिवस खातो त्यात.

वेळेचं महत्त्व दाखवणारा एक अभ्यास नेपाळमधल्या भक्तपूरचा आहे, २००१ साली प्रसिद्ध झालेला. गावातल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी डोळ्याला ओरखडा पडलेल्या लोकांना क्लोरॅम्फेनिकॉलचं १ टक्का मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस दिलं. इजेनंतर १८ तासांच्या आत मलम सुरू झालेल्यांपैकी एकालाही अल्सर झाला नाही. तुलनेसाठी मलम न दिलेला गट त्यात नव्हता, त्यामुळे सगळं श्रेय मलमाला देता येत नाही. पण सोमवारी दुपारी लागलेला डोळा मंगळवारी सकाळपर्यंत दाखवायचा, एवढा हिशेब त्यातून जरूर घ्यावा.

घरी तपासणी: काहीही घालण्याआधी

हात साबणाने धुवा. दिवसाचा उजेड असेल तिथं बसा. चष्मा असेल तर तो घालूनच पाहा.

पहिली गोष्ट नजर. भिंतीवरच्या कॅलेंडरपासून दहा फुटांवर बसा. आधी लाल डोळा तळहाताने झाका, दाबू नका, आणि चांगल्या डोळ्याने तारखा वाचा. मग डोळे बदला. लाल डोळ्याने आकडे पुसट दिसत असतील तर दोन-तीनदा पापण्या मिटून-उघडून पुन्हा पाहा. घाण किंवा पाणी आड आलं असेल तर नजर साफ होते. तरीही पुसटच दिसलं तर प्रकरण घरी ठेवायचं नाही.

दुसरी गोष्ट उजेड. साध्या डोळे येण्यात उजेडाचा थोडा त्रास होतो, पण माणूस खिडकीकडे बघू शकतो. कॉर्नियाला जखम असेल किंवा आत सूज असेल तर तो मान फिरवतो, डोळा गच्च मिटतो.

तिसरी गोष्ट दुसऱ्या कोणी तरी करायची. मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता कानाच्या बाजूने तिरका धरा आणि बुबुळ बघा. काळ्या-तपकिरी भागावर पांढरा किंवा करडा ठिपका आहे का? खाली पांढरट पातळी साठल्यासारखी दिसते का? मधली काळी बाहुली दोन्ही डोळ्यांत सारखीच मोठी आहे का? ठिपका, पातळी किंवा बाहुलीतला फरक दिसला तर त्याच दिवशी दवाखाना. ठिपका दिसला नाही म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. ताजा ओरखडा नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही.

शेवटी एक प्रश्न विचारा: हे सुरू कसं झालं? पान, काडी, लोखंडाचा कण, चुना, चीक, कॉन्टॅक्ट लेन्स यातलं काहीही उत्तरात आलं तर बाकीची तपासणी ठीक असली तरी डोळा दाखवायचा. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाचा एकच डोळा लाल, त्याच बाजूचं डोकं ठणकतंय, उलटी होतेय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, असं असेल तर तो काचबिंदूचा झटका असू शकतो. त्यात रात्र काढणंही धोक्याचं.

पान किंवा कुसळ लागल्यावर

डोळा चोळू नका. पहिल्या मिनिटात हेच सगळ्यात अवघड असतं. स्वच्छ पिण्याचं पाणी किंवा उकळून गार केलेलं पाणी घ्या. घरात मेडिकलमधली ०.९ टक्के सलाइनची निर्जंतुक बाटली असेल तर उत्तम. मान दुखऱ्या बाजूला कलती करा, खालची पापणी बोटाने खाली ओढा आणि नाकाच्या बाजूने कानाकडे जाईल अशी बारीक धार पाच-दहा मिनिटं सोडा. मध्ये मध्ये डोळा वर, खाली, दोन्ही बाजूंना फिरवायला सांगा.

कुसळ खालच्या पापणीच्या आत दिसत असेल तर ओल्या स्वच्छ कापसाच्या टोकाने हलकेच टिपता येतं. बुबुळावर रुतलेलं दिसलं तर हात लावू नका. पदराच्या टोकाने, काडीपेटीच्या काडीने किंवा जिभेने कण काढायची रीत काही गावांत अजून आहे. जिभेने काढताना तोंडातले जंतू थेट जखमेवर जातात; त्या एका स्पर्शापेक्षा कण तसाच ठेवून तालुक्याला जाणं बरं.

डोळ्यावर घट्ट पट्टी बांधू नका. पानाच्या इजेत बंद, उबदार, ओली जागा बुरशीला सोयीची पडते. उजेड टोचत असेल तर गडद चष्मा घाला किंवा टोपी पुढे ओढा. दुखण्यासाठी मोठ्या माणसाला पॅरासिटामॉलची ५०० मिग्रॅची गोळी चालते, त्याची अ‍ॅलर्जी किंवा यकृताचा आजार नसेल तर. डोळा बधिर करणारे थेंब मात्र कोणी दिले तरी घरी वापरू नका. त्यांनी दुखणं थांबतं आणि जखम भरणंही लांबतं.

आणि मग दाखवायला जा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात आधी गेलात तरी चालेल, पण तिथं ‘नेत्रतज्ज्ञांना दाखवायला हवं का’ हे स्पष्ट विचारा. कोल्हापुरात सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, नेत्र विभाग आहे.

साथीचे डोळे आले असतील तर

आधी एक डोळा, एक-दोन दिवसांत दुसरा, पाण्यासारखा किंवा चिकट स्राव, सकाळी पापण्या चिकटलेल्या, नजर साफ: हे साधारण चित्र. उकळून कोमट केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस भिजवून नाकाकडून कानाकडे एकदाच पुसा आणि तो बोळा टाकून द्या. पुढच्या पुसण्याला नवा बोळा. बंद पापण्यांवर गार पाण्याची घडी पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. फार खुपत असेल तर कृत्रिम अश्रूंचे थेंब चालतात, कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्के असं त्यांवर लिहिलेलं असतं. ते दिवसातून चार ते सहा वेळा घ्या, आणि उघडल्यापासून महिन्याभरात बाटली टाकून द्या. टॉवेल, उशीचा अभ्रा, काजळाची डबी वेगळी ठेवा. नजर पुसट झाली, उजेड सहन होईना किंवा आठवडा उलटून डोळा बिघडतच चालला, तर दाखवा.

तान्ह्या बाळाचा डोळा

जन्मानंतर २८ दिवसांच्या आत बाळाचे डोळे लाल झाले, पापण्या सुजल्या, पू येऊ लागला, तर तो त्याच दिवशी दवाखान्याचा विषय आहे. प्रसूतिमार्गातून गोनोरियाचा जंतू आला असेल तर पहिल्या आठवड्यातच, एखाद-दुसऱ्या दिवसात कॉर्नियाला भोक पडू शकतं. तो जंतू थेंबांनीही आटोक्यात येत नाही. इंजेक्शन लागतं आणि आई-वडिलांनाही उपचार घ्यावे लागतात. अशा वेळी ‘दूध घालून बघू’ म्हणत गेलेली रात्र परवडत नाही.

डोळा पांढरा स्वच्छ आहे, पण कोपऱ्यात पाणी आणि चिकटा येत राहतो, तर बहुधा अश्रुनलिका अजून उघडलेली नाही. दहापैकी नऊ बाळांत ती पहिल्या वर्षात आपोआप उघडते. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून नाकाच्या बाजूने खाली करंगळीने पाच-दहा वेळा हलका दाब देण्याची पद्धत डॉक्टरांकडून एकदा बघून घ्या, आणि नख कापून मगच करा. अशा साध्या चिकट डोळ्यांवर आईच्या दुधाचे काही छोटे अभ्यास झाले आहेत आणि त्यांत मोठा अपाय दिसलेला नाही, हे मान्य करायला हवं. पण ती डॉक्टरांनी तपासलेली बाळं होती. आजीला दुधाची फारच खात्री असेल तर वाद घालण्यापेक्षा ‘आधी दाखवून येऊ, मग बघू’ एवढं म्हणणं घरात चालून जातं.

मेडिकलमधली बाटली कशी वाचायची

डोळ्याच्या थेंबांच्या खोक्यावर घटकांची नावं बारीक अक्षरांत असतात. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यातलं एकही नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. ही औषधं वाईट नाहीत, नेत्रतज्ज्ञ ती रोज लिहून देतात. पण पान लागलेल्या किंवा न तपासलेल्या डोळ्यात ती घालायची नाहीत. मागच्या वर्षी मुलीला दिलेली अर्धी बाटली फ्रीजमध्ये आहे, तीही नाही. इंग्रजी वाचता येत नसेल तर दुकानदाराला सरळ विचारा: ‘यात स्टेरॉइड आहे का? डोळ्याला पान लागलंय.’ दुसरं वाक्य सांगायला विसरू नका.

आधीच काही घातलं असेल तर

थांबा, वर सांगितल्याप्रमाणे धुवा, आणि जे घातलं ते बरोबर न्या. गुलाबपाण्याची बाटली न्या, पाल्याची फांदी कागदात गुंडाळून न्या, मेडिकलची बाटली खोक्यासह न्या. डॉक्टर रागावतील म्हणून हे लपवलं जातं आणि निदान चुकतं. रुईचा चीक गेला आहे हे कळलं तर उपचार एका दिशेने जातात, पाल्याचा रस गेला आहे हे कळलं तर बुरशी शोधायची असते. कधी घातलं, किती वेळा, आणि पान नेमकं कोणत्या दिवशी लागलं, हे कागदावर लिहून नेलं तर आणखी चांगलं.

दवाखान्यात काय होईल

आधी डोळ्यात केशरी रंगाची फ्लुरेसिन पट्टी टेकवतात. निळ्या उजेडात ओरखडा हिरवा चमकतो, तेव्हा तो किती मोठा आहे ते कळतं. नुसता ओरखडा असेल तर अँटिबायोटिकचे थेंब किंवा मलम देऊन एक-दोन दिवसांत परत बोलावतात. डोळा बरा वाटला तरी ही दुसरी फेरी चुकवू नका. बुरशी उशिरा उगवते ती याच वेळी सापडते.

अल्सर असेल तर बधिर करून त्यातलं थोडं खरवडून काचेवर घेतात आणि १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बुरशीचे धागे बरेचदा लगेच दिसतात. मग नॅटामायसिन ५ टक्के थेंब सुरू होतात, सुरुवातीला जागेपणी दर तासाला. हे औषध पांढरं आणि गढूळ असतं. बाटली प्रत्येक वेळी हलवली नाही तर वरचं नुसतं पाणी डोळ्यात जातं आणि औषध तळाशी राहतं. डोळ्यात त्याचा पांढरा चिकटा साठतो तो पू नव्हे. थेंबांची दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. हा उपचार आठवड्यांचा असतो, आणि पहिल्या आठवड्यात ठळक फरक दिसला नाही तरी तो मनाने बंद करायचा नसतो.

अल्सर भरला की त्या जागी पांढरा डाग राहतो, ज्याला गावात डोळ्यात फूल पडलं म्हणतात. तो मधोमध असेल तर नजर अधू राहते आणि पुढे नेत्ररोपणाचा विचार करावा लागतो. कडेला असेल तर नजर बरीच वाचते. डाग कुठं आणि केवढा राहणार, हे बऱ्याच अंशी उपचार कोणत्या दिवशी सुरू झाले यावर ठरतं. पुन्हा शेतात जाताना प्लॅस्टिकचा बाजूनेही झाकणारा पारदर्शक चष्मा वापरा. घामाने त्यावर वाफ धरते ही तक्रार खरी आहे; बाजूला बारीक छिद्रं असलेला घेतला की ती बरीच कमी होते.